परदेशी फी आणि वाटेतले पंचवीस डॉलर

मनिऑर्डरीचा काळ आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पोस्टाच्या खिडकीशी रक्कम आणि तिचे कमिशन असे दोन्ही मोजून द्यावयाचे, आणि गावी वडिलांच्या हातात ठरलेली रक्कम पुरीच्या पुरी पडावयाची. पुढे काही दिवसांनी त्यांच्या सहीची पोच आपल्याकडे परत येई. रक्कम वाटेत झिजत नसे आणि पैसे पोहोचल्याची पावती न मागता मिळे. त्या सवयीचा माणूस जेव्हा मुलीची फी परदेशी विद्यापीठाकडे पाठविण्यास निघतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी तो गृहीत धरून चालतो. आणि त्या दोन्ही तेथे गृहीत धरण्यासारख्या नाहीत.

मी येथे बंगळुरात सरकारी नोकरीनिमित्त राहतो. बसवनगुडीत आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, मूळचे बेळगावचे. त्यांची कन्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेस गेली. पहिल्या सत्राचे मागणीपत्र साडेअठरा हजार डॉलरचे होते आणि भरण्याची शेवटची तारीख शुक्रवार, १५ ऑगस्ट. आमच्याकडे तो स्वातंत्र्यदिन, म्हणजे बँक बंद. गृहस्थ मंगळवारी, १२ तारखेस, दुपारी दोनच्या सुमारास आपल्या नेहमीच्या बँकेत गेले. बँकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अमुक एका बँकेतच असे घडते, असे मुळीच नाही.

तेथे त्यांनी परकीय चलनाचा ए-टू नावाचा अर्ज भरला. सोबत पॅन, मुलीचे प्रवेशपत्र, विद्यापीठाचे मागणीपत्र आणि पासपोर्टची प्रत जोडली. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक रहिवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. २००४ साली ही योजना निघाली तेव्हा तिची मर्यादा अवघी पंचवीस हजार डॉलर होती. तेव्हा परवानगीचा प्रश्न नव्हता. अर्जातील हेतूच्या रकान्यात शिक्षणप्रवासाचा S0305 हा संकेतांकही कारकुनाने बरोबर घातला. गृहस्थांनी सही केली, रक्कम खात्यातून वजा झाल्याचा निरोप बुधवारी फोनवर आला, आणि ते निश्चिंत झाले.

सोमवारी, १८ तारखेस, रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, माझ्या खात्यावर पंचवीस डॉलर बाकी दाखवताहेत. शिवाय उशिराचा दंड पंचाहत्तर डॉलर. आणि बाकी फिटेपर्यंत नावनोंदणी अडवून ठेवली आहे." गृहस्थ तसेच माझ्याकडे आले. "अहो, तुम्ही सरकारी माणूस, हे काय गौडबंगाल आहे ते तुम्हीच सांगा. मी साडेअठरा हजार पाठवले, त्यांना अठरा हजार चारशे पंचाहत्तर पोहोचले. मधले पंचवीस कोणी खाल्ले?"

कोणी खाल्ले ते समजण्यासाठी पैसा जातो कसा ते थोडे पाहावे लागेल. खरे म्हणजे येथून तेथे पैसा असा जातच नाही; जातो तो निरोप. बंगळुरातील बँकेचे न्यूयॉर्कमधील एखाद्या मोठ्या बँकेत डॉलरचे खाते असते. आपली बँक त्या मोठ्या बँकेला स्विफ्टच्या जाळ्यावरून कळविते की, आमच्या खात्यातून इतके डॉलर घ्या आणि अमुक विद्यापीठाच्या बँकेस द्या. स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जममध्ये स्थापन झालेली बँकांची सहकारी संस्था. ती केवळ निरोप पोहोचविते, पैसा हाताळीत नाही. पैसा हाताळतात त्या मधल्या बँका, आणि प्रत्येक जण आपल्या श्रमाचे मोल घेतो. प्रश्न एवढाच की, ते मोल कोणाच्या खिशातून घ्यावयाचे.

त्याचे उत्तर त्या ए-टू अर्जाबरोबरच्याच एका कागदावर, तीन छोट्या चौकटींत, दिलेले असते. OUR, SHA आणि BEN अशी ही तीन अक्षरी नावे. पहिल्या चौकटीवर खूण केली तर वाटेतील सारा आकार पाठविणाऱ्याने वेगळा भरावयाचा. दुसरीवर केली तर येथील बँकेचा आकार आपण द्यावयाचा आणि पुढचा प्रत्येक आकार मूळ रकमेतूनच कापला जावयाचा. तिसरीवर केली तर सगळेच घेणाऱ्याच्या माथी. आमच्या शेजाऱ्यांनी कोणत्याच चौकटीवर खूण केली नव्हती, आणि अशा वेळी बहुतेक ठिकाणी दुसरी चौकट आपोआप धरली जाते. मग न्यूयॉर्कच्या बँकेने पंधरा डॉलर कापले आणि विद्यापीठाच्या बँकेने परक्या ठिकाणाहून आलेली रक्कम जमा करून घेण्याचे दहा. दोघांनीही नियमाप्रमाणेच केले. मनिऑर्डरीचे कमिशन खिडकीशी मोजले जाई. येथे ते न मोजल्यास थैलीतून काढून घेतले जाते, एवढाच फरक.

दंड मात्र पंचवीस डॉलरमुळे झाला नव्हता. त्याची कथा निराळी. रक्कम विद्यापीठाच्या बँकेत गुरुवारी, १४ तारखेस, म्हणजे मुदतीच्या आतच पडली होती. परंतु निरोपात पैसे पाठविणाऱ्याचे नाव वडिलांचे होते, आणि मुलीचा विद्यार्थी-क्रमांक कोठेच नव्हता. तो क्रमांक लिहिण्यासाठी निरोपात पस्तीस-पस्तीस अक्षरांच्या चार ओळी राखून ठेवलेल्या असतात. तेथे कारकुनाने केवळ 'शैक्षणिक शुल्क' असे लिहिले होते. सत्राच्या आरंभी हजारो विद्यार्थ्यांची फी एकाच खात्यात येत असते; त्यात हा निनावी भरणा कोणाचा, हे शोधण्यात शुक्रवार आणि शनिवार-रविवार गेले. सोमवारी तो मुलीच्या नावे चढला, तोवर मुदत टळली होती.

अशा वेळी उपयोगी पडते ती पावती, आणि पावती म्हणजे नेमके काय याविषयी घोटाळा फार. गृहस्थांनी प्रथम रक्कम वजा झाल्याच्या निरोपाचे छायाचित्र मुलीकडे पाठविले. विद्यापीठाच्या कार्यालयाने ते स्वीकारले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपल्या खात्यातून पैसे निघाले, एवढेच तो कागद सांगतो. ते कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या क्रमांकाने गेले, हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन गृहस्थांनी 'पावती' मागितली, तेव्हा तेथील एका तरुण कर्मचाऱ्याने परदेशातून रक्कम आत आल्याचा दाखला कसा मागवायचा ते समजावून सांगितले! तो दाखला आत येणाऱ्या पैशाचा. बाहेर जाणाऱ्या पैशाशी त्याचा काही संबंध नाही. असो. मागावयाची ती स्विफ्ट संदेशाची प्रत. त्या नावाने मागितली म्हणजे मिळते. आमच्या शेजाऱ्यांना ती अर्ध्या तासात मिळाली.

तो एक-दीड पानाचा कागद पहिल्यांदा पाहणाऱ्यास मंत्रासारखा वाटतो, पण त्यात वाचावयाचे थोडेच असते. आमच्या समोर होती ती MT103 या साच्यातील प्रत. तिच्या 32A या कलमात तारीख आणि रक्कम होती, 70 या कलमात ते अपुरे 'शैक्षणिक शुल्क', आणि 71A या कलमात, ज्याची आम्हांला शंका होती ते, SHA. सर्वांत महत्त्वाचा होता तो छत्तीस अक्षरचिन्हांचा एक लांबलचक मागोवा-क्रमांक. त्याला UETR म्हणतात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून स्विफ्टवरील अशा प्रत्येक प्रेषणास तो असतोच असतो आणि मधल्या कोणत्याही बँकेत तो बदलत नाही. त्या क्रमांकावरून आपली बँक रक्कम कोठवर पोहोचली, कोणी किती कापले आणि ती घेणाऱ्याच्या खात्यात कधी पडली, हे पाहू शकते. शाखेतील व्यवस्थापकांनी ते पाहून १४ ऑगस्टला रक्कम जमा झाल्याचा तपशील छापून दिला. मुलीने स्विफ्टची प्रत आणि तो तपशील असे दोन्ही कागद विद्यापीठाच्या शुल्क-कार्यालयास धाडले, आणि दुसऱ्याच दिवशी दंड माफ झाला.

उरले पंचवीस डॉलर. ते पाठविण्यासाठी गृहस्थ पुन्हा बँकेत जाण्यास निघाले होते! पंचवीस डॉलरच्या प्रेषणाचा आकारच पंचवीस डॉलरच्या आसपास पडला असता, आणि त्यातूनही कापले गेले असते ते वेगळेच. एवढी लहान बाकी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कार्डाने भरावी. मोठी फी मात्र कार्डाने भरू नये. तेथे कार्डवाल्या बँकेचा चलनबदलाचा अधिभार आणि पुष्कळ विद्यापीठांचा स्वतःचा अधिभार मिळून शेकडा काही टक्के सहज जातात.

प्रकरण मिटल्यावर एका रविवारी मी त्यांच्याकडे सगळे कागद घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की पंचवीस डॉलरवरून एवढा गहजब झाला, पण खरे पैसे गेले ते दुसरीकडेच. त्या आठवड्यात बाजारात डॉलर साडेसत्त्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. बँकेने त्यांना लावला तो भाव साडेअठ्ठ्याऐंशीचा. म्हणजे डॉलरमागे जवळजवळ एक रुपया हुंडणावळ, आणि साडेअठरा हजार डॉलरवर साडेअठरा हजार रुपये! वाटेत कापलेले पंचवीस डॉलर म्हणजे जेमतेम बावीसशे रुपये. ते डोळ्यांत खुपले, कारण ते वजाबाकी म्हणून समोर आले. हुंडणावळ मात्र भावाच्या पोटात लपून गेली. हा भाव दगडावरची रेघ नसतो. सकाळी फलकावर लावलेला भाव हा न विचारणाऱ्यासाठी असतो. शाखाप्रमुखास विचारून मोठ्या रकमेसाठी कोषविभागाकडून त्या क्षणाचा वेगळा भाव मागविता येतो, आणि त्यात डॉलरमागे तीस-चाळीस पैसे तरी सुटण्याचा संभव असतो. विचारावे लागते, एवढेच.

त्या कागदांत आणखी एक रक्कम होती, ३१,८६२ रुपयांची, आणि तीवर गृहस्थ सर्वांत अधिक संतापले होते. तो आकार नव्हता, तो उगमस्थानी गोळा केलेला प्राप्तिकर होता. २०२५-२६ या वर्षी एका पॅनवर दहा लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणास तो नव्हता. स्वतःच्या पैशातून फी पाठविल्यास दहा लाखांवरील रकमेस शेकडा पाच होता. आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविल्यास मुळीच नव्हता. (२०२६ च्या अर्थसंकल्पात पाचाचा दर दोनावर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला, तेव्हा आपल्या वर्षाचा दर पाहूनच हिशेब करावा.) त्यांची रक्कम १६,३७,२५० रुपये झाली, म्हणून ६,३७,२५० वर कर. हा पैसा बुडत नाही. विवरणपत्र भरताना तो आपल्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो, पण त्यासाठी बँकेकडून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि तो आपल्या नावे चढला आहे, हे प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत पाहावे.

दुसऱ्या सत्राची फी जानेवारीत आली. रक्कम तीच, मुदत १६ जानेवारी. या वेळी आम्ही ७ तारखेस, बुधवारी, सकाळीच कामाला लागलो, कारण मध्ये संक्रांतीची सुटी येत होती, आणि दुपारनंतर दिलेला अर्ज बहुधा दुसऱ्या दिवशी सुटतो. मुलीने आधीच शुल्क-कार्यालयास एक साधा प्रश्न विचारून ठेवला होता: परदेशातून आलेली रक्कम जमा करताना आपली बँक काही घेते काय? उत्तर आले, दहा डॉलर. हा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की, पहिल्या चौकटीवर खूण केली तरी घेणाऱ्याच्या बँकेने आपल्याच ग्राहकाकडून घेतलेला आकार त्याने नेहमी टळतोच असे नाही. वाटेतला टळतो, दारातला राहू शकतो.

मार्ग दोन होते. एक बँकेचा. दुसरा, विद्यापीठाने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर दिलेला, शुल्क गोळा करणाऱ्या मध्यस्थ संस्थेचा. या संस्थांचा उगम मोठा बोलका आहे. त्यांपैकी एक, आज फ्लायवायर या नावाने ओळखली जाणारी, २००९ साली इकेर मार्काइदे या स्पॅनिश विद्यार्थ्याने अमेरिकेत काढली. स्वतःची फी स्पेनमधून भरताना त्याला जो त्रास झाला, त्यातून. तेव्हा तिचे नाव पीअरट्रान्सफर होते. अशा मार्गात विद्यार्थी आपला क्रमांक आणि रक्कम नोंदवितो, त्याला रुपयांतला आकडा आणि तो किती वेळ टिकेल ते कळते, आणि येथल्या भागीदार बँकेकडे रुपये भरले की तिकडे विद्यापीठाला नेमके डॉलर, विद्यार्थ्याच्या क्रमांकासह, मिळतात. वाटेत कापाकापी नाही, निनावी भरणा नाही. मोबदला अर्थातच भावात असतो. पॅन, मागणीपत्र, हेतूचा संकेतांक आणि प्राप्तिकराची वसुली, ही मात्र येथेही चुकत नाही.

दोन्ही मार्गांची तुलना भावावरून करू नये, आकारावरूनही करू नये. एकाच तासात दोन्हीकडून एकच विचारावे: विद्यापीठाच्या खात्यात पुरे साडेअठरा हजार चढण्यासाठी माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? कर दोन्हीकडे सारखाच असल्याने तो बाजूला ठेवावा. आम्ही तसे विचारले. कोषविभागाचा भाव मागवून बँकेचा आकडा मध्यस्थापेक्षा चार हजारांनी कमी आला. परंतु त्यात वाटेतील आकाराचे पंधराशे आणि दारातल्या दहा डॉलरचे नऊशे मिळविल्यावर अंतर उरले सोळाशे रुपयांचे. हाताशी नऊ दिवस होते, म्हणून आम्ही बँकेचा मार्ग घेतला. तीनच दिवस असते तर मी सोळाशे रुपये सोडून मध्यस्थाकडे जाण्याचा सल्ला दिला असता.

रक्कम या वेळी पत्नीच्या खात्यातून पाठविली. त्या शाळेत शिक्षिका आहेत आणि बचत त्यांची स्वतःची होती. गृहस्थांची दहा लाखांची सवलत ऑगस्टमध्येच संपली असल्याने त्यांच्या पॅनवर साऱ्या रकमेला कर लागून सुमारे चौऱ्याऐंशी हजार अडकले असते. पत्नीच्या नावे चौतीस हजारांच्या आतच भागले. शाखेत काम कानडीत चालले होते. बाईंनी OUR च्या चौकटीवर स्वतःच्या हाताने खूण केली, तपशिलाच्या ओळीत आधी विद्यार्थी-क्रमांक, मग मुलीचे नाव आणि सत्र, असे लिहविले, आणि कारकुनाने ते यंत्रात भरल्यावर पडदा वळवून दाखविण्यास सांगितले. रक्कम अठरा हजार पाचशे दहा लिहिली. मागणीपत्रापेक्षा दहा डॉलर अधिक का, असे कारकुनाने विचारले, तेव्हा शुल्क-कार्यालयाचे उत्तर दाखविले आणि त्याचे समाधान झाले.

तिसऱ्या दिवशी स्विफ्टची प्रत हाती आली. तिचा साचा बदललेला होता. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर बँकांनी जुना MT103 साचा सोडून pacs.008 हा नवा घेतला, आणि त्यात OUR च्या जागी DEBT, SHA च्या जागी SHAR आणि BEN च्या जागी CRED असे दिसते. गृहस्थ क्षणभर पुन्हा घाबरले, 'डेट' म्हणजे कर्ज की काय म्हणून! मागोवा-क्रमांक मात्र पूर्वीच्याच घडणीचा होता. त्याच रात्री मुलीने विद्यापीठाच्या खात्यातून तिसरा आणि अखेरचा कागद उतरवून पाठविला, तो म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पावती: तिचे नाव, क्रमांक, सत्र, जमा १८,५००, बाकी शून्य. बाईंनी तो मागणीपत्राला टाचला, मागे स्विफ्टची प्रत आणि कराचे कागद लावले आणि फायलीच्या पाठीवर 'सत्र दुसरे' असे लिहून ती कपाटात ठेवली.